बूट कुठे वाकतो आणि कुठे वाकत नाही

दुकानात बूट हातात घेतला की बहुतेक जण दोन गोष्टी करतात. आत बोटं घालून गादी दाबतात आणि बूट उलटा करून सोलवरची नक्षी बघतात. गादी मऊ लागली, नक्षी खोल दिसली की बूट चांगला, असं मनाशी ठरून जातं. पण ती गादी म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा फोम असतो आणि रोजच्या वापरात तो लवकरच दबून सपाट होतो. बूट किती टिकणार आणि पायाला किती आधार देणार हे ज्या वस्तूंवर ठरतं, त्या अस्तर आणि सोल यांच्यामध्ये चिकटवून बंद केलेल्या असतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, हाताला मात्र लागतात. बूट पिळून बघायचा, चवड्यापाशी वाकवून बघायचा आणि टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबून बघायची. तिन्हीला मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत.

मी चौदा वर्षं चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत, बूट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तयार माल तपासायचं काम केलं. खोक्यात भरण्याआधी प्रत्येक जोड माझ्या हातून जायचा. ते काम सोडून बरीच वर्षं झाली, तरी कुठल्याही दुकानात बूट उचलला की हात आपोआप तेच करतात. गेल्या मे महिन्यात भाच्याला नोकरी लागली, औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून. डोंबिवलीहून लोकलने दादर, तिथून दिवसभर परळ ते सायन दवाखान्यांच्या पायऱ्या चढायच्या आणि डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभं राहायचं. बूट काळे आणि फॉर्मलच हवेत, असा नियम. "मावशी, अडीच हजारांत बसवायचंय, तू चल ना," म्हणाला. आम्ही दादर स्टेशनच्या पश्चिमेला एका मोठ्या दुकानात गेलो. त्या दिवशी आम्ही जे केलं त्याच क्रमाने सांगते.

आधी एक पाऊल टाकताना काय होतं ते बघू, म्हणजे या तपासण्या कशासाठी ते कळेल. चालताना आधी टाच टेकते. टेकल्यावर टाचेचं हाड जरासं आतल्या बाजूला कलतं. हे सगळ्यांचंच होतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. मग वजन कमानीवरून पुढे सरकतं. शेवटी टाच उचलली जाते आणि पाय चवड्यावर वाकतो, म्हणजे पायाची बोटं जिथे पावलाला जोडलेली असतात त्या सांध्यांवर. पावलाला मोठी घडी पडते ती याच एका जागी. म्हणून बुटाकडून अपेक्षाही तीन भागांत वेगवेगळ्या असतात. मागे त्याने टाच धरून ठेवावी, मध्ये कमानीखाली ताठ राहावं आणि पुढे चवड्यापाशी सहज वाकावं.

हे साधायला चांगल्या बुटात तशी सोय केलेली असते. टाचेभोवती, बाहेरचं चामडं आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये, वाटीच्या आकाराचा एक कडक तुकडा बसवतात. धंद्यात त्याला काउंटर किंवा स्टिफनर म्हणतात. कमानीखाली एक अरुंद पट्टी असते, साधारण बोटभर लांब आणि दीडेक सेंटीमीटर रुंद. ती बहुतेक वेळा पोलादी असते, काही वेळा फायबरची किंवा कडक प्लास्टिकची. तिला शँक म्हणतात. ती टाचेखालून निघते आणि चवड्याच्या जरा मागे थांबते. विमानतळावर फॉर्मल बूट घातलेल्या माणसापाशी मेटल डिटेक्टर वाजतो तो बऱ्याचदा याच पट्टीमुळे. चवड्याखाली मात्र कडक असं काही नको.

म्हणजे चांगला बूट सगळीकडे कडक नसतो आणि सगळीकडे मऊही नसतो. तीन भागांतला हा फरक हाताने शोधायचा, एवढंच या तपासण्यांचं काम.

दुकानदाराने आमच्यासमोर तीन जोड ठेवले. पहिला बिनलेसचा, चकचकीत, 1,299 रुपयांचा आणि हातात अगदी हलका. दुसरा लेसचा, जाडजूड सोलचा, 1,899 चा. तिसरा लेसचा, साधा दिसणारा, 2,399 चा. भाच्याचे डोळे पहिल्यावर होते.

सुरुवात पिळण्यापासून केली. एका हातात टाच घट्ट धरायची, दुसऱ्या हातात चवड्याचा भाग, आणि ओला कपडा पिळतो तसे दोन्ही हात विरुद्ध दिशांना फिरवायचे. झटका द्यायचा नाही, जोर हळूहळू वाढवायचा. बघायचं ते हे की टाच आणि चवडा एकमेकांपासून किती फिरतात, आणि पीळ नेमका कुठे पडतो. थोडा पीळ सगळ्याच बुटांना पडतो आणि तो पडायलाही हवा, कारण मुंबईच्या फुटपाथवर पाऊल कधीच पूर्ण सपाट जागी पडत नाही. पण तो पीळ पुढच्या भागात पडावा आणि कमानीचा भाग जागचा हलू नये. तिथेच बूट चिंधीसारखा फिरला तर आत शँक नाही, किंवा आहे ती नावापुरती आहे.

पहिला जोड मी पिळला तेव्हा टाच सरळ होती आणि चवड्याचा सोल जवळजवळ बाजूच्या भिंतीकडे वळला. एवढ्यावरही थांबायचं नसतं. पीळ तसाच धरून ठेवायचा आणि आतल्या कमानीच्या बाजूने, सोल आणि वरचं चामडं जिथे मिळतात ती रेघ बघायची. तिथे फट उघडली होती आणि फटीत वाळलेल्या सोल्युशनचा पिवळट धागा ताणलेला दिसत होता. अशा बुटात सोल शिवलेला नसतो, फक्त चिकटवलेला असतो. तेवढ्याने बूट वाईट ठरत नाही, आज बाजारातले बहुतेक फॉर्मल बूट चिकटवलेलेच असतात आणि चांगलं चिकटवलेला सोल वर्षानुवर्षं टिकतो. पण कमानीच्या आतल्या बाजूला सोलची कड वर वळलेली असते, तिथे दाब नीट बसत नाही, म्हणून चिकटवण्यात कसूर झाली असेल तर ती सगळ्यात आधी तिथेच दिसते. नवा बूट हातात पिळून फट उघडत असेल तर पहिल्या पावसात तिथूनच पाणी शिरतं.

कानही उघडे ठेवायचे. पिळताना करकर किंवा कट असा आवाज आला तर शँक आत सुटी झालेली असू शकते, किंवा आतला पुठ्ठा तडकतोय. असा बूट चालताना प्रत्येक पावलाला टकटक करतो आणि मग दुरुस्त करायला सबंध सोल काढावा लागतो. शँक आहे की नाही याची अजून खात्री करायची असेल तर माझ्या पर्समध्ये एक छोटं लोहचुंबक असतं. बुटाच्या आत, कमानीच्या बरोबर मध्यावर ते ठेवायचं. पोलादी पट्टी असेल तर ते खाली ओढलं जातं. टाचेवर ठेवू नका, तिथे खिळे असतात आणि ते फसवतात. चुंबक ओढलं गेलं नाही म्हणून लगेच बूट बाजूला ठेवायचा नाही, कारण पट्टी फायबरचीही असू शकते. अशा वेळी निकाल पिळण्यानेच द्यायचा.

दुसरा जोड पिळला तर तो हललाच नाही. भाचा म्हणाला, "बघ मावशी, हा मजबूत आहे." इथेच बरेच जण फसतात. जाड, भरीव प्लास्टिकचा सोल लावला की बूट पिळला जात नाही, आत शँक असो की नसो. त्या ताठपणाचं श्रेय नुसत्या जाडीला असतं. खरा निकाल पुढच्या तपासणीत लागतो.

तिसरा जोड पुढच्या भागात थोडासा फिरला, कमानीत ताठ राहिला आणि हात सोडताच सरळ झाला. सोडल्यावर सरळ होणं हे फिरण्याइतकंच बघण्यासारखं आहे. पीळ तसाच राहिला, बूट टेबलावर ठेवल्यावर वाकडा डुलला, तर आतला पुठ्ठा एकदा हललेला आहे आणि तो परत जागेवर येणार नाही.

आता वाकवणं. या तपासणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण ती बुटाबद्दल सांगते आणि बूट तुमच्या पायाला बसतोय का हेही सांगते.

वाकवण्याआधी स्वतःच्या पायावरची जागा शोधावी लागते. उभं राहून टाच उचला. अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, हाड जिथे फुगीर लागतं तो सांधा. टाचेपासून मोजलं तर तो पावलाच्या लांबीच्या साधारण सत्तर टक्क्यांवर असतो. करंगळीकडचा सांधा त्याच्या बराच मागे असतो, म्हणून पाय वाकतो ती रेघ आडवी सरळ नसते, तिरकी असते. आता बूट पायाशेजारी जमिनीवर ठेवा, टाचा एका रेषेत आणा, आणि अंगठ्याच्या सांध्यासमोर बुटाच्या कडेवर बोट ठेवा. बूट वाकायला हवा तो तिथे.

मग बूट उचलून एका हाताने टाच धरा आणि दुसऱ्या हाताने नाकाचा भाग वर ढकला. हाताला जोर नसेल तर बुटाचं नाक दुकानाच्या टेबलावर टेकवा आणि टाचेवरून पुढे दाबा, चालताना होतं तसं. तीन गोष्टी बघायच्या. घडी कुठे पडली, किती जोर लागला आणि वरच्या चामड्यावर सुरकुत्या कशा पडल्या.

पहिला जोड सहज वाकला, पण चवड्यापाशी नाही. तो पार मधोमध, कमानीत दुमडला, पुस्तक मिटावं तसा. पिळताना जी उणीव दिसली तीच ही, फक्त दुसऱ्या बाजूने. जिथे पाय वाकत नाही तिथे बूट वाकतो, म्हणजे प्रत्येक पावलाला कमानीखालचा आधार खाली बसतो आणि ते काम तळपायाच्या स्नायूंना करावं लागतं. संध्याकाळी तळवे भरून येतात ते त्यामुळेही.

दुसऱ्या जोडाला मी दोन्ही हातांनी जोर लावला तरी तो वाकेना. जरा वाकला तो सबंध धनुष्यासारखा, कुठेच निश्चित घडी पडली नाही. असा बूट चालताना काय करतो ते सांगते. पाय चवड्यावर वाकतो, बूट वाकत नाही, मग टाच बुटातून वर निसटते. पाऊल टाकलं की परत आत जाते. टाच अशी घासत राहिली की दोन दिवसांत फोड येतो. माणसाला वाटतं बूट ढिला आहे, तो लेस आवळतो किंवा एक नंबर लहान घेतो आणि बोटं चेपून घेतो. दोष नंबरचा नसून सोलचा असतो. वातानुकूलित दुकानात असा प्लास्टिकचा सोल आणखी कडक लागतो हे खरं, पण बाहेरच्या उकाड्यात तो मऊ होईल म्हणून इतकी सूट देता येत नाही. हाताने चवड्यापाशी जो बूट जवळजवळ वाकतच नाही तो पायालाही जड जाणार.

तिसरा जोड मध्यम जोराने वाकला, तिरकी घडी पडली. आणि तरी घोळ निघालाच. घडी भाच्याच्या सांध्याच्या चांगली अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त पुढे पडत होती. मी बुटाखालचा नंबर बघितला, 9 होता. भाच्याचा पाय रुंद आहे, म्हणून तो सवयीने एक नंबर मोठा घेतो. आपल्याकडे चालणाऱ्या नंबरांत एक नंबर वाढला की बूट साधारण साडेआठ मिलिमीटर लांब होतो, आणि त्यातले सहाएक मिलिमीटर टाच ते चवडा या अंतरात जातात. म्हणजे वाकण्याची जागा तितकी पुढे सरकते. मग पायाचा सांधा येतो शँकच्या टोकाजवळच्या ताठ भागावर, आणि बुटाची घडी पडते बोटांच्या वर, जिथे ती दिवसभर खुपते. दुकानात "थोडा मोठा घ्या, आतून सोल टाकू" असं सांगतात तेव्हा हेच होतं. आतला सोल टाकून जागा भरते, घडीची जागा मागे येत नाही. मी त्याच फर्म्याचा, म्हणजे त्याच साच्यावर बनलेला 8 नंबर, रुंद फिटिंगमध्ये मागवला. तो पायाशेजारी ठेवून वाकवला, तर घडी सांध्यासमोर आली.

सुरकुत्यांचं थोडक्यात सांगते. चांगल्या चामड्यावर बारीक, जवळजवळ सुरकुत्या पडतात आणि बूट सोडला की बऱ्याचशा निघून जातात. मोठ्या, फुगीर, सुट्या सुरकुत्या पडल्या तर ते चामडं जनावराच्या पोटाकडच्या ढिल्या भागातलं असण्याचा संभव जास्त. आणि वरचा रंग घडीच्या धारेवर पांढुरका झाला, किंवा केसाएवढ्या भेगा दिसल्या, तर वर प्लास्टिकचा थर आहे आणि तो तिथूनच सोलून निघणार. पहिल्या जोडाची चमक अशाच थराची होती.

वाकवलेला बूट तसाच धरून सोलची चवड्याजवळची कडही बघावी. तिथे केसभर जरी फट उघडली तरी जोड परत द्यावा. रोज आठ हजार पावलं चालणाऱ्या माणसाचा एकेक बूट दिवसाला चार हजार वेळा तिथे वाकतो.

तिसरी तपासणी टाचेची. बूट टेबलावर ठेवा, टाचेच्या मागच्या मध्यावर, सोलपासून साधारण दोन सेंटीमीटर वर, अंगठा टेकवून आत दाबा. मग तसंच दोन्ही बाजूंना दाबा. वर, घोट्याजवळ दाबू नका. तिथे मऊ फोमच असतो, टाचेच्या मागच्या शिरेला तो तसाच लागतो. काही बुटांत फोमची उशी खालपर्यंत आणलेली असते, तेव्हा अंगठा फोममधून आत जाऊ द्या आणि मागे काही कडक लागतं का ते बघा. ऑस्ट्रेलियात हिल्टन मेन्झ आणि कॅथरीन शेरिंग्टन या दोन संशोधकांनी वृद्धांच्या तोल जाण्याच्या संदर्भात बूट तपासायचा एक तक्ता 2000 साली प्रसिद्ध केला. त्यातही टाच अशीच दाबून बघतात. वाटी दहा अंशांपेक्षा कमी कलली तर ती ताठ, पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त कलली तर जवळजवळ नसल्यासारखी. दुकानात कोनमापक लागत नाही, अंगठ्याला हा फरक स्पष्ट कळतो.

पण किती दबतं याच्यापेक्षा मी सोडल्यावर काय होतं ते बघते. चांगल्या प्लास्टिकची किंवा चांगल्या दाबलेल्या चामडी पुठ्ठ्याची वाटी दाबली तर थोडी आत जाते आणि अंगठा काढताच बिनआवाज परत येते. डब्याचं पातळ झाकण दाबल्यावर टक वाजतं तसं वाजलं, तर वाटी एक तर फार पातळ आहे किंवा अस्तराला नीट चिकटलेली नाही. आणि खळगा तसाच राहिला, किंवा दाबलेल्या जागी अस्तरावर चुणी पडली, तर आत साधा पुठ्ठा आहे. मुंबईत हा पुठ्ठा एक पावसाळा काढत नाही. पाणी लागलं की तो लगदा होतो, वाळल्यावर वेडावाकडा कडक होतो आणि त्याची धार टाचेला कापते. पावसाळ्यानंतर बुटाच्या टाचा बाहेरच्या किंवा आतल्या बाजूला कललेल्या दिसतात ना, त्यांतल्या कितीतरी बुटांत हेच झालेलं असतं.

पहिल्या जोडाची टाच दोन बोटांच्या चिमटीत पूर्ण मिटली. दुसऱ्याची ताठ होती, चांगली होती. तिसऱ्याचा उजवा बूट मनासारखा निघाला. मग डावा दाबला तर आतल्या बाजूला टक वाजलं आणि अंगठ्याखाली जागा पोकळ लागली. पाऊल टाकताना टाच कलते ती आतल्याच बाजूला, म्हणजे नेमकी गरज असलेल्या जागी वाटी सुटलेली.

यात आश्चर्य काही नाही. वाटी प्रत्येक बुटात वेगळी बसवली जाते, गरम करून, दाबून, एकेक करून. यंत्र जरा कमी तापलेलं असलं, चिकटपट्टी एखाद्या ठिकाणी कमी पडली, की एक बूट बिघडतो आणि त्याचा जोडीदार ठीक राहतो. म्हणून मी कारखान्यात कधीही एकच बूट तपासून खोकं बंद केलं नाही, आणि दुकानातही दोन्ही बूट तपासल्याशिवाय पैसे देत नाही. दुकानदाराला मी डावा बूट दाबून आवाज ऐकवला. तो आधी म्हणाला, "ताई, घातल्यावर बसतो तो." मग त्याने स्वतः दाबून पाहिला आणि मुलाला गोदामातून दुसरा जोड आणायला पाठवलं. तसंही शोकेसमध्ये ठेवलेला जोड घेऊ नये. तो पन्नास पायांत जाऊन आलेला असतो आणि त्याची टाच बोटं घालून घालून ढिली झालेली असते.

नवा जोड आला तेव्हा तिन्ही तपासण्या परत केल्या आणि खोक्यावरचा महिना बघितला. खोक्यावर कधी बनवलं तो महिना आणि साल छापलेलं असतं. पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे, हलके सोल आपल्या दमट हवेत न वापरताही आतून कुजतात. चार-पाच वर्षं खोक्यात पडून राहिलेला जोड दिसायला कोरा असतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा सोल भुगा होऊन गळतो. वाकवताना सोलवर बारीक भेगांची जाळी दिसली किंवा बोटाला चिकट लागलं, तर तो माल जुना आहे.

या तपासण्या सगळ्या बुटांना सारख्या लावता येत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. कॅनव्हासचे बूट पिळले जातातच आणि त्यांच्या टाचेत फारसं काही नसतं, त्यांची बांधणीच तशी आहे. कोल्हापुरीला टाचेची वाटीच नाही, तिथे वाकण्याची जागा आणि शिवण बघायची. धावायच्या बुटात बहुधा शँक नसते, ताठपणा जाड फोममधून येतो, म्हणून तो फॉर्मल बुटापेक्षा जास्त पिळला जाणार. शर्यतीच्या काही बुटांत कार्बनची पट्टी असते आणि ते चवड्यापाशी वाकतच नाहीत. त्यांचा सोल पुढे वर वळवलेला असतो आणि पाय त्यावरून गडगडत पुढे जातो. मुद्दाम मऊ, पातळ बनवलेले बूटही मिळतात, पाय अनवाणी चालल्यासारखा हलावा म्हणून. त्यांना चिंधी म्हणणं अन्याय होईल. आणि ज्यांना मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी आहे किंवा ज्यांच्या बोटांचे सांधे दुखतात, त्यांनी बूट किती वाकावा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. कधी कधी त्यांच्यासाठी न वाकणारा सोलच योग्य असतो.

शिवाय हाताने दोनदा वाकवून सोल किती दिवसांनी झिजेल ते सांगता येत नाही. कारखान्यात त्यासाठी यंत्रावर सोल हजारो वेळा वाकवतात. दुकानात आपल्याला कळते ती बांधणी, आणि चुकीची बांधणी असेल तर ती पहिल्याच दिवशी कळते.

भाच्याने तिसरा जोड घेतला, 8 नंबर, गोदामातून आलेला. दुकानातच दोन फेऱ्या मारल्या, मी मागून टाचा बघत होते, निसटत नव्हत्या. गणपतीला तो घरी आला तेव्हा पावसाळ्याचे तीन महिने त्या बुटांवरून गेले होते. दाराशी काढलेले बूट मी उचलले आणि टाचा दाबल्या. दोन्ही ताठ. उजव्याच्या कमानीत मात्र पिळल्यावर बारीकसा कटकट आवाज यायला लागला होता. विचारलं तर म्हणाला, परळला गुडघाभर पाण्यातून गेलो होतो, मग रात्री गिझरच्या पाइपवर वाळत ठेवले. मी त्याला वर्तमानपत्राचे बोळे करून दाखवले, बुटात नाकापर्यंत भरायचे, दोन-तीन तासांनी बदलायचे आणि बूट सावलीत आडवे ठेवायचे. उष्णतेने सोल्युशन सुटतं आणि आतला पुठ्ठा आक्रसतो, मग शँक हलायला मोकळी होते. आवाज वाढला तर डोंबिवली स्टेशनबाहेरच्या काकांकडून सोल उघडून पट्टी परत बसवून घे, असं सांगून ठेवलंय.